राणी कुणाकडं? आठ, नऊ आणि रिकाम्या जागा

मेंढीकोट खेळलाय ना? मग हात, हुकूम, एक्का, राणी हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ब्रिजमध्येही तेच आहे, फक्त आधी बोली लागते आणि बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराची पानं टेबलावर उघडी पडतात. त्याला डमी म्हणतात. आज एकाच प्रश्नावर बोलूया: आपल्याकडे एक्का, राजा, गुलाम आहेत, राणी नाही. ती पकडायची कशी?

परवा रविवारी राजारामपुरीत काकांच्या घरी डाव पडला होता. मी चार इस्पिकची बोली खेळत होतो, म्हणजे दहा हात करायचे. बदामाचे दोन हात गेले होते आणि किलवरचा एक्का बाहेर होता, तो एक हात जाणारच होता. त्यामुळे इस्पिकमध्ये एकही हात देऊन चालणार नव्हतं. माझ्या हातात एक्का, दश्शी, सत्ती, पंजी, चौकी. डमीत राजा, गुलाम, छक्की, तिर्री. एकूण नऊ पानं. बाहेर चार: राणी, नव्वी, अठ्ठी, दुर्री.

मी एक्का खेळलो. डावीकडून दुर्री, उजवीकडून अठ्ठी. मग हातातून चौकी खेळलो, डावीकडून नव्वी आली. आता डमीतून काय लावू? राणी उजवीकडं एकटी असेल तर राजावर पडेल. डावीकडं असेल तर गुलाम लावला की तो हात जिंकतो आणि पुढच्या फेरीला राजा राणीला खातो. या दुसऱ्या चालीला फिनेस म्हणतात.

ब्रिज शिकताना पहिल्या आठवड्यातच एक मंत्र कानावर पडतो: ‘एट एव्हर, नाइन नेव्हर’. दोन्ही हात मिळून आठ पानं असतील तर नेहमी फिनेस करा, नऊ असतील तर कधीच नको. माझी नऊ होती. मी राजा लावला. उजवीकडून बदाम पडला. राणी डावीकडंच! एक डाऊन.

काका शांतपणे म्हणाले, “आरं, बदामं कुणाकडं किती होती?”

आधी तो मंत्र कुठून येतो ते बघू. बाहेरची चार पानं 3-1 वाटली जाण्याची शक्यता साधारण 50 टक्के आणि 2-2 ची 41 टक्के. मग वाटतं, 3-1 जास्त आहे, तर फिनेस का नको? कारण 3-1 चे आठ प्रकार आहेत आणि 2-2 चे सहा. समोर पडलेल्या पानांवरून प्रत्येकातला फक्त एक प्रकार उरलेला असतो. 41 भागिले 6 म्हणजे 6.8, आणि 50 भागिले 8 म्हणजे 6.2. राजा थोडासाच पुढे: 52 विरुद्ध 48.

हेच जागा मोजून सोपं पडतं. प्रत्येकाला तेरा पानं. डावीकडच्याची दोन इस्पिकं दिसली, म्हणजे त्याच्या अकरा जागा अज्ञात. उजवीकडच्याचं एक दिसलं, म्हणजे बारा. राणी या तेवीस जागांपैकी एकीत आहे. 12 भागिले 23 म्हणजे 52 टक्के. ‘नऊला कधीच नाही’ हा सगळा नियम एका जागेच्या फरकावर उभा आहे!

आठ पानांचं गणित वेगळं. तिथं बाहेर पाच असतात. एक्का आणि पुढचं छोटं पान झाल्यावर राणीसोबत अजून एक छोटं पान बाहेर असतं. राजावर राणी पडायला राणी उजवीकडं आणि ते छोटं पान डावीकडं, दोन्ही जमायला हवं. ती शक्यता चारात एक. फिनेसला मात्र राणी फक्त डावीकडं हवी, ती जवळजवळ निम्मी. म्हणून आठचा नियम भक्कम आहे, नऊचा तकलादू.

आता माझ्या डावाकडे या. उजवीकडच्यानं सुरुवातीलाच तीन बदामची बोली दिली होती. याचा सरळ अर्थ: मोठी पानं फारशी नाहीत, पण बदाम सात. माझ्याकडे दोन, डमीत दोन, म्हणजे डावीकडं दोनच. हे वजा करा. उजवीकडं सात बदाम आणि एक इस्पिक गेलं, उरल्या पाच जागा. डावीकडं दोन बदाम आणि दोन इस्पिकं गेली, उरल्या नऊ. राणी डावीकडं असण्याची शक्यता 14 पैकी 9, म्हणजे 64 टक्के. गुलामच लावायचा होता.

एक काळजी घ्या. ज्या रंगाची सगळी वाटणी कळली आहे, तोच रंग वजा करायचा. माझ्या डावात उजवीकडच्यानं मध्येच एक चौकट खेळलं होतं, पण त्याच्याकडे एकूण किती चौकट आहेत हे ठाऊक नव्हतं. ते पान मोजायचं नाही.

म्हणजे बोलीत कुणी काहीच बोललं नसेल तर नऊला राजा लावा, बरोबर आहे. पण कुणी लांब रंग दाखवला असेल, तर गुलामाला हात लावण्याआधी दोघांच्या रिकाम्या जागा मोजा. त्या रविवारी मला दहा सेकंद लागले असते. भेटू पुढच्या भागात!