कल्पनेतल्या माणसांचं बारसं



आमच्या गटांतल्या काही जणी मिळून जी अद्भुतरम्य कादंबरी लिहितोय, तिचे भाग तुम्ही आपल्या रेडिओवर ऐकता. खरा नकाशा सोडून दिलेलं एक जग, त्यात एक नदीकाठचं राज्य आणि एक डोंगरावरचं. बऱ्याच जणी विचारतात, ही नावं तुम्ही आणता कुठून? नुलिसो काय, टुर्गार काय! आज तेच सांगायचं आहे, कारण ही नावं सुचत नाहीत, ती बांधावी लागतात.

आधी आपल्याच गावांकडे बघा. पारनेर, संगमनेर, जामनेर, अमळनेर. आता आम्ही म्हटलं 'बोरनेर', तर तुम्ही म्हणाल, असेल बाई कुठेतरी. 'बोरझूक' म्हटलं तर लगेच हसाल. दोन्ही आम्ही आत्ताच जुळवले, मग एक खरं का वाटलं? कारण आपल्या कानाला गावांच्या नावांची ठेवण माहीत असते. वडगाव, पिंपळगाव, जांभुळवाडी यांत पुढे झाड आणि मागे वस्ती, हे कुणी न शिकवता कळतं. कल्पनेतल्या देशाची अशीच ठेवण आपण तयार करायची आणि ऐकणारीच्या कानात मुरू द्यायची.

हे काम जगात कुणी मन लावून केलं असेल, तर ते टोलकिन या इंग्रज प्राध्यापकांनी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्यांची कादंबरी 1954-55 साली तीन खंडांत आली, पण त्यातल्या भाषा ते कितीतरी आधीपासून रचत होते. एका भाषेला त्यांनी फिनलंडच्या भाषेचा नाद दिला, दुसरीला वेल्स प्रांतातल्या भाषेचा. त्या दुसऱ्या भाषेत 'दोर' म्हणजे भूमी, 'मोर' म्हणजे काळं, 'गोंद' म्हणजे दगड. म्हणून काळ्या राजाचा मुलूख 'मॉर्डोर' आणि दगडी बांधकामांचं राज्य 'गोंडोर'. पुढे अंधाऱ्या खाणीचं नाव 'मोरिया' येतं, तेव्हा अर्थ माहीत नसतानाही वाचणाऱ्याला तिथे काहीतरी काळं आहे असं वाटायला लागतं. आपल्याला पूर्ण भाषा रचायची गरज नाही. एका कादंबरीला प्रत्येक लोकांमागे दहा-बारा शब्दमुळं पुरतात.

पहिलं काम आवाज ठरवायचं. वर्णमाला समोर ठेवून प्रत्येक लोकांना थोडीच अक्षरं वाटून द्यायची. आमच्या नदीकाठच्यांना आम्ही ल, म, न, र, व, स, य, ह एवढीच व्यंजनं दिली आणि इ, उ, ए, ओ हे चार स्वर. जोडाक्षर नाही, आणि प्रत्येक अक्षर स्वरावर संपणार. डोंगरावरच्यांना क, ग, ट, ड, द, ब, र ही व्यंजनं आणि अ, आ, उ हे तीनच स्वर. त्यांच्यात जोडाक्षर चालतं आणि नाव व्यंजनावर संपतं. खरी ठेवण येते ती काय नाही हे ठरवल्यावर. नदीकाठी 'क' नाही म्हणजे नाही, मग राजकन्येला कितीही शोभत असला तरी. एकदा मोडलेला नियम ऐकणारीला सांगता येत नाही, पण नाव उपरं वाटतं.

इथे एक सापळा आहे. मऊ आवाज चांगल्या माणसांना आणि कठोर आवाज दुष्टांना द्यावेसे वाटतात. तसं केलं की नाव ऐकल्याबरोबर माणूस कळतो आणि गोष्टीत बघण्यासारखं काही उरत नाही. म्हणून आमच्या कादंबरीत सगळ्यात लबाड माणूस नदीकाठचा आहे, आणि नायिका डोंगरावरची.

दुसरं काम मुळांचं. नदीकाठी 'नुवे' म्हणजे उजेड, 'लिसो' म्हणजे पाणी, 'रुमे' म्हणजे बी. दोन मुळं जोडताना मुख्य गोष्ट शेवटी ठेवायची, जशी पिंपळगावात गाव शेवटी येते. पण नुसतं चिकटवून 'नुवेलिसो' केलं तर ते पाटीवर लिहिल्यासारखं वाटतं. खरी नावं तोंडात झिजतात. प्रतिष्ठानचं पैठण झालं, शूर्पारकचं सोपारा, करहाटकचं कऱ्हाड. म्हणून आम्ही झिजेचाही एकच नियम केला: जोडताना पहिल्या मुळाचं शेवटचं अक्षर गळायचं. नुवे आणि लिसो मिळून नुलिसो, म्हणजे उजेडाचं पाणी. लिसो आणि रुमे मिळून लिरुमे, पाण्यातलं बी. रुमे आणि नुवे मिळून रुनुवे, बियातला उजेड. तीन मुळांतून तीन माणसं उभी राहिली, आणि ती एकाच मुलखातली आहेत हे सांगावं लागलं नाही.

सगळ्याच नावांचा अर्थ मात्र उघड ठेवू नये. आपण पुणे म्हणताना त्याचा अर्थ कुठे आठवतो? प्रत्येक लोकांत दोन-तीन नावं अशी असावीत, जी आवाजांच्या नियमात बसतात पण ज्यांचा अर्थ कुणालाच आठवत नाही. त्यानं तो देश जुना वाटतो.

तिसरं काम परीक्षेचं. नियमात बसलेलं नावही नापास होऊ शकतं. 'हिरो' हा शब्द आमच्या नदीकाठच्या नियमात तंतोतंत बसतो, पण तो सिनेमातला.  म्हणून प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणायचं आणि मराठीत, हिंदीत, शेजारणीच्या बोलीत त्याचा काही भलता अर्थ होतो का, हे चार जणींना विचारायचं.

रेडिओसाठी आणखी एक परीक्षा लागते, कारण ऐकणारीला अक्षर दिसत नाही. डोंगरावरची सगळी नावं शेवटी सारखीच वाजतात, म्हणून मुख्य माणसांचे पहिले आवाज वेगळेच हवेत. ट, ग, ब अशी वाटणी आधी करायची आणि मग नावं द्यायची. भाग ऐकवून दुसऱ्या दिवशी विचारावं, काल कोण कोण होतं? ऐकणारी 'ती ग वाली की ब वाली' असं चाचपडली, तर नाव बदलायची वेळ आहे. आणि शेवटची परीक्षा अशी: दोन्ही मुलखांतली पाच-पाच नवी नावं, आधी न ऐकवलेली, कालवून वाचायची आणि कोणतं कुठलं ते ओळखायला सांगायचं. दहातली आठ-नऊ बरोबर आली तर ठेवण कानात बसली. पाच-सहाच आली तर ते अंदाजपंचे. मग दोन्ही वर्णमाला आणखी लांब करायच्या, सामाईक अक्षरं कमी करायची.

आता आमच्या नायिकेकडे येऊ. डोंगरावर 'टुर्ग' म्हणजे आग, 'ग्राद' म्हणजे दगड, 'बार्द' म्हणजे ओझं. शेवटी 'उक' लागला की लेकरू, 'आर' लागला की राखणारं माणूस. जन्मलेल्या प्रत्येकाला आधी 'उक' मिळतो. मोठं होऊन एखादी जबाबदारी उचलली की गावापुढे त्याचा 'आर' होतो. टुर्गुक म्हणजे आगीचं लेकरू, तीच पुढे गावाची चूल राखू लागली की टुर्गार.

एका घरात तिसरी मुलगी झाली आणि तिचं नाव पडलं बार्दुक, ओझ्याचं लेकरू. हे आम्हाला कल्पनेतून आणावं लागलं नाही. 2011 साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नाव असलेल्या दोनशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली गेली, ते आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल. बार्दुकच्या बहिणींचे 'आर' झाले. तिचा विधी कुणी केलाच नाही. ओझ्याची राखण कोण करणार?

शेवटी तिचं नाव काय व्हावं, यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. एकीचं म्हणणं होतं, मूळच बदला. जे नाव दुसऱ्यानं लादलं, त्यातलं एक अक्षरही तिनं का बाळगावं? साताऱ्यातल्या मुलींसाठी तेच खरं होतं. दुसरीचं म्हणणं होतं, मूळ राहू द्या, शेपूट बदला, पण ते तिनं स्वतः बदललं पाहिजे. आम्ही दुसरी वाट घेतली. बर्फाच्या रात्री ती आजारी म्हातारीला पाठीवर घेऊन खिंड ओलांडते. पलीकडच्या पहारेकऱ्यानं विचारलं, कोण आहेस? ती म्हणते, "बार्दार." आणि भाग तिथेच संपतो.

तो भाग ऐकून अर्थ विचारायला कुणी आलं नाही, कारण त्याची तयारी आधी झाली होती. 'उक'चा 'आर' होताना आम्ही त्याआधी तीनदा ऐकवलं होतं, एकदा टुर्गारचा, एकदा ग्रादारचा आणि एकदा पोरांच्या खेळात थट्टेनं. 'बार्द' म्हणजे ओझं हे दोनदा आलं होतं, तेही लाकडाच्या मोळीबद्दल बोलताना. मुळाचा अर्थ असा रोजच्या कामात पेरावा लागतो. ऐन प्रसंगात उलगडून सांगायला लागलं तर प्रसंगच मरतो.

तुम्हाला लिहायचं असेल तर एक वही करा आणि पाच रकाने आखा: नाव, मुळं, अर्थ, पहिला आवाज, आणि कितव्या भागात प्रथम आलं. नवं पात्र आलं की आधी वहीत, मग गोष्टीत. मूळ बदलायची बाजू घेणाऱ्या आमच्या मैत्रिणीनं अजून हार मानलेली नाही. ती म्हणते, पुढच्या पर्वात बार्दारला मुलगी होईल, तिचं नाव मी ठेवणार. आम्ही तिच्यासाठी वहीत एक ओळ कोरी सोडली आहे. पहिला आवाज तेवढा 'ड' आला पाहिजे, बाकीचे सगळे वाटून संपलेत.