पानावरचा डाग

कढीपत्त्याच्या डागाळलेल्या पानाचा फोटो बघून पुण्याची मावशी जुलैत ‘बुरशी’ म्हणेल. तिथं पावसात पानं ओलीच असतात. शारजाच्या बाल्कनीत तेव्हा पान क्षणात सुकतं.

म्हणून डाग कुठं आहे ते बघा. टोक आणि कडा करपल्या असतील, मातीवर पांढरा थर असेल, तर क्षार साठलेत. रोज थोडंथोडं पाणी घातल्यानं ते कुंडीतच राहतात. टाकीचं तापलेलं पाणी निवू द्या, मग भोकातून वाहेपर्यंत सावकाश घाला आणि बशीतलं ओतून टाका. करपलेलं पान सुधारणार नाही. नवी पालवी बघा.

डिसेंबरच्या धुक्यात पानभर पिवळ्या कडेचे गोल डाग आले, तर मात्र मावशीचा अंदाज धरा. फोटोसोबत गाव, महिना आणि पाणी कसं घालता, हे जरूर कळवा.