पंचवीस वर्षांतले सातशे सत्तेचाळीस दिवस

(अम्मी-अब्बांच्या निकाहाला ५ नोव्हेंबर २०२५ रोजी पंचवीस वर्षं झाली. त्या संध्याकाळी आरे-वारे येथे घरच्या अंगणात केलेलं मनोगत.)



फुपीने सकाळीच सुनावलंय, की लग्नाचे वाढदिवस वगैरे आपल्यात कधी कुणी केले नाहीत. खरं आहे. आपल्याकडे निकाहाची तारीख लक्षात राहते ती निकाहनामा शोधायची वेळ आली की. पण आज सुट्टी आहे, पौर्णिमा आहे, खाली समुद्राला उधाण आहे आणि आमची दोन्ही माणसं एकाच घरात आहेत. ही शेवटची गोष्ट आमच्या घरात इतक्या कमी वेळा घडली, की तिच्यासाठी सांदण करायला हरकत नसावी.

गेल्या महिन्यात मी पत्र्याच्या पेटीतून अब्बांचे तिन्ही जुने पासपोर्ट काढले आणि शिक्के बघत बसले. अब्बा, तुम्ही विचारलंत काय शोधतेस, तेव्हा मी काही नाही म्हणाले. मी दिवस मोजत होते.

निकाह ५ नोव्हेंबर २००० चा. अब्बा कुवेतला गेले १७ डिसेंबरला. रोजे चालू होते, ईद अकरा-बारा दिवसांवर होती, पण व्हिसाची मुदत ईदपर्यंत थांबणारी नव्हती. म्हणजे पहिला संसार बेचाळीस दिवसांचा. पुढची दहा वर्षं कंपनीचा नियम होता, दोन वर्षांनी साठ दिवसांची रजा. अशा पाच रजा, तीनशे दिवस. मग मस्कतला नोकरी लागली, तिथे वर्षाला पंचेचाळीस दिवस. २०१२ ते २०१९ आठ वेळा आले. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे येताच आलं नाही. २०२२ ला एकदा आले. हे चारशे पाच झाले. सगळे मिळून सातशे सत्तेचाळीस, म्हणजे दोन वर्षं आणि सतरा दिवस. मार्च २०२३ ला ते कायमचे परत आले, ती अडीच वर्षांहून थोडी जास्त धरा. पंचवीसपैकी एका छपराखाली जेमतेम पावणेपाच वर्षं.

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सोळा महिन्यांची होते. मी त्यांना पाहून इतकी रडले, की रात्री ते पडवीत झोपले. हे अम्मी हसत सांगते. अब्बा ते अजून हसत ऐकत नाहीत.

बाकीची वीस वर्षं हे घर कुणी चालवलं, ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. तरी एक गोष्ट सांगते, कारण पुढे तिचा संबंध आहे. आपण बसलोय त्या घराचं जोतं २००५ ला झालं, चिऱ्याच्या भिंती २००९ ला उभ्या राहिल्या आणि स्लॅब २०११ ला पडला. सहा वर्षं, कारण पैसे येतील तसं बांधकाम. चिरा कुठल्या खाणीतला घ्यायचा, गवंड्याला किती उचल द्यायची, पाणी कोण मारणार, हे सगळं अम्मीने बघितलं. स्लॅबच्या वेळी तिकडे चार महिने पगार झाला नव्हता आणि इकडे सेंट्रिंग लागलेलं होतं. सेंट्रिंगचं भाडं दिवसावर चढतं. अम्मीने मेहरच्या पाच तोळ्यांतल्या तीन बांगड्या मोडल्या. मेहर ही बायकोची स्वतःची मालमत्ता, तिच्यावर नवऱ्याचाही हक्क नाही, हे निकाहाच्या वेळी सगळे ऐकतात. त्या बांगड्या आता आपल्या डोक्यावर आहेत आणि सातबारावर, ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर नाव एकट्या अब्बांचं आहे. यात कुणाची लबाडी नाही. तेव्हा कुणाला सुचलंच नाही. गल्फच्या घरांत बहुतेक असंच असतं.

आता अवघड भाग. चाचा, तुम्ही विहिरीजवळ खुर्ची टाकून बसलात ते मी पाहिलंय. आलात, बरं वाटलं.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. दादा-दादी गेले. अब्बांना काही झालं तर शरियतच्या हिशेबाने मालमत्तेचे चोवीस भाग धरा. अम्मीला आठवा हिस्सा, म्हणजे तीन भाग. आम्हा दोघींना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे सोळा. उरले पाच, ते भावा-बहिणीकडे जातात. मुलगा असता तर हे पाच भाग बाहेर गेले नसते. ही गणितं मी अकरावीत एका शेजाऱ्यांच्या वाटणीच्या वेळी पहिल्यांदा ऐकली आणि घरी येऊन भिंतींकडे बघत राहिले, की यातली पाच भाग भिंत कुठली?

मार्च २०२३ ला, अब्बा आले त्याच महिन्यात, केरळमधली बातमी आली. कासरगोड जिल्ह्यातले वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना. त्यांचा निकाह १९९४ चा, तीन मुली. त्यांनी ८ मार्च २०२३ ला, महिला दिनी, आपलंच लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली पुन्हा नोंदवलं, मुलींना पूर्ण वारसा मिळावा म्हणून. त्यांच्यावर टीका झाली, काही धर्मसंस्थांनी जाहीर विरोध केला. अम्मीने ती बातमी मोबाईलवर अब्बांना दाखवली आणि एवढंच म्हणाली, "वाचून ठेवा."

अब्बांनी दोन वर्षं वाचून ठेवलं. मध्ये दुसऱ्या वाटा शोधल्या. मृत्युपत्र करावं, तर आपल्या कायद्यात एक तृतीयांशापलीकडे चालत नाही, आणि वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हिबा करावा, तर नुसता कागद पुरत नाही, ताबाही द्यावा लागतो. म्हणजे बावीस वर्षं परदेशात काढून आलेला माणूस स्वतःच्या घरात लेकींचा पाहुणा. अम्मी म्हणाली, हे नको.

१९५४ च्या त्या कायद्याचं कलम १५ आधी झालेल्या लग्नांसाठी आहे. निकाह मोडत नाही, पुन्हा लावावाही लागत नाही. तो झालेला असावा, तेव्हापासून दोघं नवरा-बायको म्हणून नांदत असावेत, दोघांनाही दुसरा जोडीदार नसावा, दोघं एकवीस वर्षांचे झालेले असावेत. आणि एक अट अशी, की अर्जाच्या आधी सलग तीस दिवस दोघांचं राहणं त्या जिल्ह्यात हवं. अर्ज केला की नोटीस लागते, हरकतींसाठी आणखी तीस दिवस. मग दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या.

तीस आणि तीस साठ. अब्बांची सगळ्यात मोठी रजा साठ दिवसांची होती, त्यात यायचा आणि जायचा दिवस धरून. पुढे तर पंचेचाळीसच. वकिलांकडून हे ऐकलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. बायको-मुलींसाठी कमवायला गेलेल्या माणसाला, ते त्यांच्या नावे नीट पोचवण्याइतके दिवसच कधी मिळाले नव्हते.

जुलैत दोघांनी अर्ज केला. कारकुनाने विचारलं, "लग्न झालंय ना? मग परत कशाला?" अम्मी म्हणाली, "तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आता मीच आलेय." (खरं तर तेव्हाही विचारलं होतं. नाना सांगतात, तिने 'कबूल' इतक्या हळू म्हटलं, की वकील आणि साक्षीदारांना दोनदा विचारावं लागलं.) सप्टेंबरात नोंद झाली. आता अब्बांच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. बायकोला एक तृतीयांश, बाकी मुलींना. त्याच चोवीस भागांत अम्मीचे तीनाचे आठ झाले, आम्हा बहिणींना आठ-आठ.

काय झालं नाही, तेही चाचांसमोरच सांगते. दादांच्या जमिनीतला चाचांचा हिस्सा चाचांचाच आहे. ती कलमं, ती खालची वाट, कशालाच हात लागलेला नाही. बदल फक्त अब्बांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरता आहे. आणि हा कायदा एका बाजूने चालत नाही. उद्या आम्हा बहिणींपैकी कुणाला काही झालं, तर आमचा वारसाही याच कायद्याने ठरणार. घटस्फोट म्हटला तर आता कोर्टातच. अब्बांनी हे सगळं समजून सही केली.

चाचा, तुम्ही साक्षीदार व्हायला नाही म्हणालात. चार महिने बोललाही नाहीत. पण ऑक्टोबर २००७ च्या रात्री, अब्बा कुवेतला असताना, अम्मीला टेम्पोत घालून रत्नागिरीला नेलं ते तुम्ही. ही माझी धाकटी बहीण त्या रात्रीची. नोंदीच्या कागदावर तुमची सही नाही म्हणून ती रात्र पुसली जात नाही. आणि रागही मला कळतो. या सागरी मार्गावर गाड्या थांबायला लागल्यापासून, वरच्या वळणावरून फोटो काढणारे जमिनीचा भाव विचारतात. एजंट तुमच्याकडेही आले, आमच्याकडेही. पाच भागांचा एक तुकडा जरी वेगळा निघाला असता, तरी तो घेणारा आपल्यातला नसता. अम्मीला भीती त्याची होती, तुमची नाही. हे तिने स्वतः तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही तिची चूक, आणि ती आज सकाळी माझ्याजवळ तिने कबूल केलीय. या वेळी मोठ्याने.

अब्बा, एक शेवटचं. तुम्ही गेल्या आठवड्यात म्हणालात, पंचवीस वर्षं कसली, मी तर इथे नव्हतोच. मी हिशेब केलाय, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण दर शुक्रवारी नमाजनंतर शेजारच्या घरातला फोन वाजायचा, आणि अम्मी तो वाजायच्या आधी अर्धा तास तिथल्या पायरीवर जाऊन बसलेली असायची. ते अर्धे तास पासपोर्टवर नाहीत. माझ्या बेरजेतही ते मी धरलेले नाहीत.

अम्मी, आता उठ. प्रमाणपत्राची फ्रेम मी आणलीय, निकाहनाम्याशेजारी लावायची का वेगळी, ते तू आणि अब्बा ठरवा. चाचा, खिळा तुम्हीच ठोका, चिऱ्यात खिळा नीट बसवणं या घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. आणि बाकीच्यांनी ताटावर बसा, सुरमई थंड होतेय.