बँकेच्या शाखेतला प्रकल्प आणि रोजचं काम

(वडखळ इथे तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या फुप्पूचा मुलगा गेल्या वर्षी एका मुलाखतीला गेला होता. त्याआधी तो वर्षभर एका बँकेच्या शाखेत कंत्राटावर कामाला होता. पासबुक छापून द्यायचं, फॉर्म भरायला मदत करायची, रांग सांभाळायची, असं काम. बायोडेटात त्याने लिहिलं होतं, 'एक वर्षाचा बँकिंग प्रोजेक्ट केला.' मुलाखत घेणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "कधी संपला?" हा गप्प. कारण तो संपलाच नव्हता. त्याच्या जागी दुसरा मुलगा आला आणि पासबुकं छापायला लागला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बँकांच्या यंत्रणांवर काम करतो. आमच्याकडेही ऊठसूट सगळ्याला प्रोजेक्ट म्हणतात. म्हणून आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे: प्रकल्प आणि रोजचं चालू काम यात फरक काय, आणि एकाला दुसरं समजलं की कुणाचं काय अडतं.

आधी रोजचं काम पाहू. डोळ्यांसमोर नाक्यावरची कुठलीही शाखा आणा. सकाळी तिजोरी उघडते ती दोन किल्ल्यांनी, आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही. रोकड मोजून कॅशियरकडे जाते. दिवसभर एक जण नोंद करतो आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो. संध्याकाळी ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती अशा नोटा मोजायच्या. हातातली रोकड आणि संगणकातला आकडा जुळला की ती पुन्हा दोन किल्ल्यांच्या आत. ५०० रुपये जास्त भरले तर ते वेगळ्या खात्यात ठेवून मालक शोधायचा. कमी भरले तर बहुतेक ठिकाणी कॅशियरच्या खिशाला कात्री. रात्री मुख्य यंत्रणेत दिवस बंद होतो, तारीख बदलते आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून.

या कामाचं यश म्हणजे आजचा दिवस कालच्यासारखा जाणं. कुणी टाळ्या वाजवत नाही. पण पेण तालुक्यात बसून रोजचा ताळा कशाला हवा हे मी सांगायची गरज नाही. २०१० साली पेण अर्बन बँकेचा घोटाळा उघड झाला, तेव्हा ज्यांच्या ठेवी अडकल्या ती माणसं याच परिसरातली आहेत.

आता प्रकल्प. हा शब्द काढला की वडखळमध्ये लोक हसतात. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. पण रखडला तरी तो प्रकल्पच. त्याला सुरुवात होती, शेवट ठरलेला होता आणि आधी नव्हती अशी एक वस्तू तयार व्हायची होती. शेवट पुढे गेला म्हणून आपण चिडतो. तिजोरी रोज उघडते म्हणून कुणी 'अजून संपलं नाही का?' असं विचारत नाही.

बँकेतला मोठा प्रकल्प म्हणजे विलीनीकरण. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. देना मुंबईची बँक, त्यामुळे महाराष्ट्रात तिची खाती भरपूर. कायद्याने त्या दिवशी तीन बँकांची एक बँक झाली. काउंटरच्या आत मात्र तसं झालं नव्हतं. शाखांची माहिती टप्प्याटप्प्याने बडोद्याच्या यंत्रणेत हलवावी लागली. विजया बँकेच्या २,१२८ शाखांचं काम सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झालं आणि देनाच्या १,७७० शाखांचं डिसेंबर २०२० मध्ये. जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. देनाचा कोड `BKDN` ने सुरू व्हायचा, आता तो `BARB` ने सुरू होतो. म्हणजे कागदावर एका दिवसात झालेली गोष्ट ग्राहकाच्या हातात पोहोचायला जवळजवळ दोन वर्षं लागली. आखातातल्या भावाच्या मोबाइलमध्ये आईचं खातं जुन्या कोडसकट साठवलेलं असेल, तर त्याच्यासाठी विलीनीकरण तिथे येऊन पोहोचलं.

अशा प्रकल्पात एका शाखेचं नेमकं काय करतात? उदाहरणासाठी एक शाखा धरू, आकडेही माझेच. जुन्या यंत्रणेत ९,२४० खाती आहेत. खरी बदली शनिवार-रविवारी होणार, त्याआधी तिची रंगीत तालीम होते. खाती नव्या यंत्रणेत ओतली आणि सगळ्या शिलकांची बेरीज केली. जुनी बेरीज आणि नवी बेरीज, पैशापर्यंत बरोबर. टीम खूश. मग कुणीतरी खाती मोजतो, तर ती भरतात ९,२३८. दोन गायब, तरी बेरीज जुळते. कशी? कारण त्या दोन्ही खात्यांत शून्य रुपये होते.

गायब का झाली? खाती जुनी होती आणि जन्मतारखेचा रकाना रिकामा होता. जुन्या यंत्रणेला ते चालायचं, नवीला चालत नाही. तिने ती दोन खाती नाकारून वेगळ्या फाइलमध्ये टाकली, आणि बेरीज जुळल्यामुळे ती फाइल कुणी उघडलीच नाही. आता त्यातलं एक खातं शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या मुलीचं आहे असं समजा. तिथे शून्य आहे कारण पैसे अजून यायचेत. म्हणून नुसती बेरीज पुरत नाही. खात्यांची संख्या जुळली पाहिजे, बचत, मुदत ठेव, कर्ज अशी प्रकारवार बेरीज जुळली पाहिजे, आणि नाकारलेल्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीचं उत्तर मिळालं पाहिजे. तालीम त्यासाठीच असते. चूक इथे सापडली तर जन्मतारीख विचारायला ग्राहकाला एक फोन. सोमवारी सकाळी सापडली तर काउंटरवर भांडण.

इथपर्यंत प्रकल्प दिसतो. पण माझ्या मते सगळ्यात नाजूक जागा पुढे आहे, प्रकल्प संपून रोजचं काम सुरू होतं तिथे. हे मी स्वतः चुकून शिकलो.

काही वर्षांपूर्वी मी एका बँकेच्या अशाच बदलीच्या टीममध्ये होतो. बँकेचं नाव सांगत नाही. बदली सुरेख झाली. संख्या जुळली, बेरीज जुळली, नाकारलेली फाइल रिकामी. पुढचे पंधरा दिवस आम्ही शाखांच्या मदतीला होतो. मग सह्या झाल्या, केक कापला आणि टीम पांगली.

काही महिन्यांनी मे महिना उजाडला. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचा विमा, आणि विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे अखेरीला बँक आपोआप खात्यातून हप्ता कापते. ग्राहकाने परवानगी एकदाच दिलेली असते. ती परवानगी म्हणजे यंत्रणेतली एक छोटीशी खूण, आणि काही शाखांच्या खात्यांवरची ती खूण आम्ही नव्या यंत्रणेत आणलीच नव्हती. आम्ही रोज घडणाऱ्या गोष्टी तपासल्या होत्या, महिनाअखेर तपासली होती, तिमाहीचं व्याजही तपासलं होतं. वर्षातून एकदा घडणारी गोष्ट आमच्या पंधरा दिवसांत घडलीच नाही.

ही चूक ओरडत नाही. हप्ता कापला गेला नाही तर ग्राहकाच्या खात्यात उलट ४३६ रुपये जास्त राहतात, तो कशाला तक्रार करेल? कळतं ते घरात मृत्यू झाल्यावर, दाव्याचा कागद परत आल्यावर. आमच्या बाबतीत ती पकडली एका शाखेतल्या क्लार्क मॅडमनी. त्यांची एक जुनी सवय होती: दर वर्षी कापलेल्या हप्त्यांची संख्या डायरीत लिहून ठेवायची. या वर्षीची संख्या गेल्या वर्षीपेक्षा बरीच कमी दिसली म्हणून त्यांनी फोन केला. यंत्रणेने कुठलीही चूक दाखवली नव्हती, आणि तिच्या दृष्टीने ती नव्हतीही. जिथे खूण नाही तिथे कापायचं नाही, असंच तिने केलं. मग याद्या काढल्या, लोकांना फोन केले, बहुतेकांची नोंदणी पुन्हा झाली. काहींचे नंबर लागलेच नाहीत. ती यादी माझ्या अजून लक्षात आहे.

त्यानंतर मी सह्या घेण्याआधी एक कागद मागतो. शाखेत रोज काय घडतं, महिन्याला काय, तिमाहीला काय, वर्षातून एकदा काय: लॉकरचं भाडं, विम्याचे हप्ते, ज्येष्ठांचे करकपातीचे फॉर्म. प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचं नाव. वर्षभर टीम थांबू शकत नाही, तेवढे पैसे कुणी देत नाही. पण पुढच्या मे महिन्यात संख्या कोण मोजणार, हे आज ठरू शकतं.

याच्या उलटी चूकही होते. केवायसी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ती ठरावीक काळाने पुन्हा करायची असते, कमी जोखमीच्या ग्राहकाची दहा वर्षांनी, जास्त जोखमीच्या ग्राहकाची दोन वर्षांनी. कुणाची ना कुणाची मुदत रोज भरत असते, म्हणजे हे चालू काम आहे. पण अनेक ठिकाणी त्याची 'मोहीम' होते. वर्षभर कुणी बघत नाही, मग एका महिन्यात सगळ्यांना बोलावतात. रोजावर जाणाऱ्या बाईची मजुरी त्या रांगेत बुडते. मोहीम संपली म्हणून फलक उतरतो आणि दुसऱ्या दिवसापासून मुदती पुन्हा साचायला लागतात.

त्या मुलाखतीनंतर मी फुप्पूच्या मुलाला घेऊन बसलो. वर्षभरात असं काय केलंस, जे सुरू झालं आणि संपलं? बराच वेळ काही आठवेना. मग म्हणाला, भाईजान, जूनमध्ये मॅनेजरनी एक यादी दिली होती. शिष्यवृत्ती मिळणारी मुलं, पण खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून पैसे परत जात होते. मुदत तीन आठवडे. याने शाळांत जाऊन फॉर्म भरून घेतले, पालकांच्या सह्या आणल्या, रोज संध्याकाळी किती उरले ते लिहिलं. शेवटी चार उरले. चौघांची घरं गाव सोडून गेली होती, तसं त्याने यादीवर लिहून मॅनेजरची सही घेतली. आणि पुढच्या वर्षीच्या नव्या मुलांचं काय? खातं उघडतानाच आधार जोडायचं, असं काउंटरवर ठरलं. तो फॉर्म आता तिथली दुसरी मुलगी बघते.

मी म्हटलं, अरे, हे बायोडेटात का नाही लिहिलंस?

तो म्हणाला, "तीन आठवड्यांचंच तर होतं."