डब्यातले पैसे उताऱ्यात दिसत नाहीत

आमच्या गटातल्या एका ताईंनी पापडाच्या धंद्यासाठी बँकेकडे कर्ज मागितलं. विक्री चांगली, तरी अर्ज अडला. मग आम्ही त्यांच्यासोबत बसून खात्याचा सहा महिन्यांचा उतारा वाचला.

विक्रीचे पैसे घरी डब्यात राहायचे, खात्यात चार-पाचशेच शिल्लक. फ्रिजचा १,८०० रुपयांचा हप्ता ५ तारखेला कापला जायचा. शिल्लक नसल्यानं तो दोनदा परत गेला, वर दंड लागला. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात ताईंनी एकदम ४०,००० रुपये रोख भरले. पैसे त्यांचेच, पण उताऱ्यात ते उसने आणल्यासारखे दिसले. तपासणारा अधिकारी डबा पाहू शकत नाही. हप्त्याच्या दिवशी पैसे होते का आणि रोख कुठून आली, हे तो उताऱ्यात पाहतो.

आता ताई दर सोमवारी विक्रीचे पैसे भरतात, दुकानदारांच्या पावत्या जपतात, हप्त्याचे पैसे ३ तारखेलाच खात्यात ठेवतात. जुनी नोंद पुसता येत नाही, म्हणून सहा महिने थांबून त्या पुन्हा अर्ज करणार आहेत. तुम्हीही पासबुक भरून आणा आणि त्यात कुठे ‘रिटर्न चार्ज’ लिहिलंय का, ते आधी बघा.