आवाज गाळताना

घरात कोणी हसणार नसेल तर एक करून पाहा. एकच सूर धरा आणि तो न हलवता ‘ऊ’वरून ‘ई’वर सावकाश या. सूर तोच राहतो, पण तोंडाची पोकळी बदलते आणि ती एकेका उपस्वराला उचलून धरते. कान देऊन ऐकलंत तर वरती बारीक शिट्टीसारखं काहीतरी सरकताना जाणवेल. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमधला फिल्टर हेच काम विजेवर करतो.

अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांनी रचलेला फिल्टर घेऊ. 1969 साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढे मिनीमूगमध्ये तो घरोघरच्या रेकॉर्डवर पोचला. ऑसिलेटरकडून समजा 110 हर्ट्झचा करवती दात्यांसारखा स्वर आला. त्यात 220, 330, 440 असे सगळे उपस्वर असतात. फिल्टर एका ठरावीक कंपनसंख्येच्या, म्हणजे कटऑफच्या, वरचे उपस्वर दाबतो. हा कटऑफ व्होल्टेजने हलतो. साधारण एक व्होल्ट वाढवला की तो एक सप्तक वर जातो.

आता रेझोनन्स. फिल्टरमध्ये एकापाठोपाठ चार टप्पे आहेत. कटऑफवरची लहर प्रत्येक टप्प्यात एक अष्टमांश आवर्तन मागे पडते, म्हणजे चौथ्यानंतर बरोबर अर्धं. बाहेर आलेला आवाज उलटा करून पुन्हा आत सोडला, की ही लहर नेमकी स्वतःच्याच पावलावर पाऊल टाकते आणि फुगते. म्हणून कटऑफ 770 वरून 660, 550, 440 असा खाली आणला की त्या त्या जागचा उपस्वर क्षणभर चमकून जातो. तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला ही चमक परकी वाटणार नाही.

पण याची किंमत खर्ज मोजतो. खालचे सूर टप्प्यांमध्ये फारसे मागे पडत नाहीत. ते उलटे होऊन परतले की स्वतःलाच खोडतात. रेझोनन्सचं बटण फिरवताना आवाज पातळ, पोकळ होत गेला, तर बिघाड शोधू नका, कारण या रचनेचा तो स्वभावच आहे. मला तो आवडतो, पण ज्यांना भरदार बेस हवा त्यांनी बटण अर्ध्याच्या आतच ठेवावं.

चार टप्प्यांतून कटऑफवरची लहर एक चतुर्थांश उरते. परतीचा आवाज चौपट केला की घट पुरती भरून निघते आणि फिल्टर आपणहून गाऊ लागतो. मिनीमूगवर रेझोनन्स पूर्ण वाढवा, तिन्ही ऑसिलेटर बंद करून कळ दाबा, तरी एक स्वच्छ शिट्टी ऐकू येते. ती सर्वस्वी फिल्टरची असते.