सुट्टीत हात बरे होतात, ते का?
(चिंचवडच्या बैठकीत पार्लर-कामगार मैत्रिणींपुढे केलेल्या भाषणातून)

मैत्रिणींनो, चिखलीच्या पार्लरमध्ये काम करणारी आपली एक मैत्रीण मला म्हणाली, "ताई, दिवाळीला गावी गेले की हात बरे. परत आले की आठवड्यात पुन्हा भेगा." डॉक्टरांनी मलम दिलं, भांड्यांचा साबण बदलायला सांगितलं. काम काय करतेस, हे विचारलंच नाही! सुट्टीत बरं आणि कामावर वाईट, हीच तर पहिली खूण.

काळ्या डायमध्ये आणि पाकिटातल्या 'काळ्या मेंदी'त बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. खाज लगेच सुटत नाही, एक ते तीन दिवसांनी सुटते. रविवारी गर्दीत डाय लावला, खाज सुटली मंगळवारी, म्हणून दोष भांड्यांच्या साबणावर जातो.

ती हातमोजे घालत होती. पण डायच्या खोक्यातला पातळ जोड धुऊन, उलटा करून आठवडाभर वापरायची. आत शिरलेला रंग मोज्याखाली कातडीला चिकटून राहतो. उघड्या हातापेक्षा हे वाईट. शिवाय केस धुताना मोजे काढायची आणि रंगवलेले केस उघड्या हातांनी कापायची. आम्ही क्रमच बदलला: आधी कापायचे, मग रंगवायचे. नायट्राइलचे मोजे, गिऱ्हाइकागणिक नवा जोड, रंग धुऊन निघेपर्यंत हातात. ओल्या हातावर मोजे चढवायचे नाहीत. काही आठवड्यांत भेगा भरल्या.

तिच्या सोबतिणीचं दुखणं वेगळं. केसांच्या ब्लीच पावडरमध्ये परसल्फेट असतं. चेहऱ्याच्या ब्लीचबरोबरच्या ॲक्टिव्हेटरमध्येही पुष्कळदा असतं. पावडर वाटीत ओतताना धूळ नाकात जाते. आधी नाक गळतं, मग खोकला, छाती आवळते. कधी हे घरी गेल्यावर, रात्री होतं. चाकणकडच्या नव्या गाळ्यांत पुढे काचेचं दार, मागे खिडकी नाही. एसी तीच हवा फिरवतो! म्हणून पावडर सावकाश चमच्याने घ्यायची, डबा लगेच बंद करायचा, कालवायचं टेबल एक्झॉस्ट पंख्याशेजारी ठेवायचं, पंखा धूळ तोंडापासून दूर ओढेल असा. न उडणारी पावडर किंवा क्रीम मिळत असेल तर तेच मागा. रुमाल बांधून भागत नाही.

दम्याचा संशय असेल तर पीक फ्लो मीटरमध्ये दिवसातून चार वेळा फुंकून आकडे वहीत लिहा, कामाच्या दिवसांचे आणि सुट्टीचेही. ती वही डॉक्टरांना दाखवा. हातांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट मागा. आणि एक कडू गोष्ट: परसल्फेटचा दमा ठरला तर पंख्याने भागत नाही, ब्लीचचं काम सोडावं लागतं. सोबतिणीने ते सोडलं. मालकिणीने तिला कटिंग आणि थ्रेडिंगवर ठेवलं, पण पगार कापायला निघाली. त्यावर आम्ही चौघी जाऊन बोललो. अजून मिटलेलं नाही.

पुढच्या बैठकीला डायची आणि ब्लीचची रिकामी खोकी घेऊन या. लेबलं सगळ्या मिळून वाचू.